वन बीएचकेतला एकांत: दार लावण्याआधी कपाट हलवा

डोंबिवली, ठाणे, पिंपरी-चिंचवडकडच्या ४०० चौरस फुटांच्या घरात सहा माणसं राहतात, तेव्हा बेडरूम बहुधा लग्न झालेल्या मुलाला दिलेली असते. पाहुण्यांना वाटतं, या दोघांचं बरं चाललंय, स्वतंत्र खोली आहे. पण त्या खोलीत सासूबाईंचं लोखंडी कपाट असतं, सगळ्या घराच्या गाद्या असतात, इस्त्री असते, बाबांच्या गोळ्यांचा डबा असतो आणि घरातला मोबाइल चार्जिंगचा सगळ्यात सोयीचा पॉइंटही तिथेच असतो. खोली नावाला जोडप्याची, वापराला सगळ्यांची. अशा खोलीत दार लावणं म्हणजे घरातल्या पाच वस्तूंवर कुलूप घालणं. मग दार लावलं की कुरबुर सुरू होते आणि सगळ्यांना वाटतं, भांडण एकांतावरून आहे. प्रत्यक्षात ते साडीवरून असतं.

म्हणून इथे दिलेला क्रम महत्त्वाचा आहे. आधी मोजणी, मग सामान, मग दार, मग आवाज, आणि बोलणं या सगळ्याच्या बरोबरीने. बहुतेक जोडपी उलट करतात. आधी आईशी वाद, मग रागाने कडी बसवायची, आणि सामान जिथल्या तिथे. कडी आधी लागली की सासूबाईंना स्वतःचं पातळ काढायला दार ठोठवावं लागतं, आणि तो अपमान त्या विसरत नाहीत.

एक घर समोर ठेवू. हॉल १० बाय १५ फूट, किचन ७ बाय १०, बेडरूम १० बाय ११, मधल्या पॅसेजमध्ये संडास-बाथरूम. सासरे ६८ वर्षांचे, सासूबाई ६२ च्या, मुलगा ३४, सून ३१, त्यांची सहा वर्षांची मुलगी, आणि २६ वर्षांचा धाकटा दीर. सासरे हॉलमधल्या दिवाणावर झोपतात, सासूबाई आणि दीर खाली गादीवर, मुलगी आईबाबांच्या मध्ये.

आधी एक आठवडा मोजा

रात्री नऊ ते सकाळी सात या वेळात तुमच्या दोघांशिवाय खोलीत कोण आलं आणि कशासाठी आलं, एवढंच लिहायचं. मोबाइलच्या नोट्समध्ये दोन शब्द पुरतात: "आई, साडी". "दादा, चार्जर". कुणाला सांगायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, आठवडाभर काही बदलायचंही नाही. शनिवार-रविवारच्या दुपारीही लिहा.

आपल्या नमुन्याच्या घरात समजा आठवड्यात २३ फेऱ्या झाल्या. नऊ कपाटासाठी, पाच गाद्या-पांघरुणांसाठी, चार इस्त्री आणि चार्जरसाठी, तीन गोळ्यांसाठी, आणि दोन नुसत्याच, "झोपलात का?" असं विचारायला. म्हणजे २३ पैकी २१ फेऱ्या वस्तूंसाठी. त्या थांबवायला कुणाशी भांडावं लागत नाही, वस्तू हलवावी लागते. उरलेल्या दोन माणसांसाठी आहेत, त्यांच्याबद्दल पुढे.

तुमच्या यादीत उलटं प्रमाण आलं, म्हणजे काही काम नसताना वारंवार येणं जास्त असेल, तर प्रश्न वेगळा आहे आणि सामान हलवून तो सुटणार नाही. मोजणीचा मुख्य उपयोग हाच, की कशाशी गाठ आहे ते आधी कळतं.

सामान बाहेर

पहिला अडसर कपाट. सहा-साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद लोखंडी कपाट हॉलमध्ये न्यायचं म्हटलं की दोन आक्षेप येतात: हॉलमध्ये बरं दिसत नाही, आणि लॉकर आल्यागेल्याच्या डोळ्यांसमोर नको. दोन्ही रास्त आहेत. त्यामुळे कपाट हलवायचा हट्ट करू नका. त्यातलं रात्री आणि पहाटे लागणारं तेवढं बाहेर काढा. त्या नऊ फेऱ्यांची फोड केली तर बहुधा असं दिसतं: सासूबाई साडेपाचला उठतात, अंघोळीला जाताना साडी, परकर, टॉवेल घ्यायला येतात, महिन्याच्या सुरुवातीला दूधवाल्याचे, पेपरवाल्याचे पैसे काढायला येतात, एखाद्या वेळी कागद शोधायला. पहाटेची फेरी सगळ्यात जाचक, कारण ती ठरलेली असते आणि तिच्या धास्तीने सुनेची झोप पाचलाच मोडते.

सासूबाईंचे आठवड्याचे कपडे आणि सासऱ्यांचे घरचे कपडे हॉलमधल्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात किंवा तीन फुटी उंचीच्या प्लास्टिकच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. वरखर्चाचे पैसे किचनमधल्या डब्यात. लॉकर, भारी साड्या, सोनं, फायली जिथे आहेत तिथेच राहू द्या, त्यांना कुणी रात्री हात लावत नाही. किल्ली सासूबाईंकडेच राहू द्या. ती मागितली तर सगळं फिसकटेल.

गाद्यांचं गणित वेगळं. रात्री साडेदहाला गाद्या बाहेर निघतात आणि सकाळी साडेसहाला परत आत येतात, त्यामुळे जोडप्याची झोपायची आणि उठायची वेळ गाद्या ठरवतात. सुट्टीच्या दिवशीही. उपाय म्हणजे हॉलमधल्या दिवाणाला खालून पेटी. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि आतून १२-१३ इंच खोल पेटीत तीन इंची दोन कापसाच्या गाद्या, उशा आणि पांघरुणं मावतात, कारण तिसरी गादी दिवाणावरच अंथरलेली असते. सुतार जुन्या दिवाणालाही पेटी बसवून देतो. झाकण समोरून उघडणारं घ्या. वरून उघडणारं असलं तर सासरे दिवाणावर बसले असताना गाद्या काढता येत नाहीत.

चार्जर आणि इस्त्रीसाठी इलेक्ट्रिशियनकडून हॉलमध्ये एक जादा पॉइंट काढून घ्या. हजार वॉटची इस्त्री साधारण साडेचार अँपिअर ओढते, त्यामुळे चांगल्या वायरिंगवर सहा अँपिअरचा साधा सॉकेट चालतो. पॉइंट दिवाणाच्या उशाशी हवा. तो टीव्हीच्या मागे काढला तर कुणी वापरत नाही आणि फोन पुन्हा तुमच्या खोलीत चार्जिंगला येतात.

गोळ्या, चष्मा, शेक घ्यायची पिशवी, टॉर्च, झंडू-अमृतांजन जे काय असेल ते एका टोपलीत घालून रात्री जेवणं झाल्यावर सासऱ्यांच्या उशाशी ठेवायची. हे काम मुलाने करावं. सुनेने केलं तर "आम्हाला लांब ठेवायला" असं वाचलं जातं. मुलाने केलं तर तो काळजी घेतोय.

दार

आता दाराकडे. बेडरूमच्या दाराला आतून बहुधा टॉवर बोल्ट असतो, ज्याचा 'खट्' असा आवाज रात्री अकराला अख्ख्या घरात पोचतो. लाज त्या आवाजाची असते. कारण दार एरवी नुसतं लोटलेलं असतं आणि ठरावीक रात्रीच कडी वाजते, म्हणजे कडी ही घोषणाच झाली.

यावरचा उपाय हार्डवेअरचा नाही, सवयीचा आहे: दार रोज लावा. भांडण असेल तेव्हा, ताप असेल तेव्हा, दोघं पाठ करून मोबाइल बघत असाल तेव्हाही, दहा-सव्वादहाला दार बंद. दोन-तीन आठवड्यांत त्या आवाजाचा अर्थ फक्त "झोपले" एवढाच उरतो. ही एक गोष्ट खर्चाशिवाय होते, आणि तीच बहुतेक जण करत नाहीत.

तरी कडी बदलायची असेल तर बाथरूमला बसवतात ते गोल नॉबचं कुलूप घ्या: आतून बटण दाबलं की बंद, बाहेरून खाचेत नाणं फिरवलं की उघडतं. घरात वयस्कर माणूस आणि लहान मूल असताना हे बरं. मुलीने आत अडकून घेतलं तर दार फोडावं लागत नाही. टॉवर बोल्टच ठेवायचा असेल तर शिलाई मशिनच्या तेलाचे दोन थेंब आणि चौकटीतल्या भोकात सायकलच्या ट्यूबचा लहान तुकडा. खट्चा पुष्कळसा भाग तिथेच मरतो.

दाराखाली अर्धा इंच फट असते. तिच्यातून उजेड दिसतो, आणि आवाजही सगळ्यात जास्त तिथूनच जातो. हार्डवेअरच्या दुकानात दाराच्या तळाला लावायची रबराची पट्टी मिळते, ती लावा. चौकटीला आतून रबराची चिकटपट्टी लावली तर दार आदळतही नाही.

आवाज

साध्या विटांच्या, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या साडेचार इंची भिंतीतून हळू बोलणं कळत नाही. लोक भिंतीला दोष देतात, पण आवाज भिंतीतून क्वचितच जातो. तो जातो दाराच्या फटीतून, दारावरच्या झरोक्यातून, आणि हॉलची आणि बेडरूमची खिडकी एकाच बाहेरच्या भिंतीला शेजारी असतील तर एकीतून निघून दुसरीत शिरतो. उन्हाळ्यात दोन्ही उघड्या असल्या की हे हमखास होतं.

अंदाज बांधत बसू नका, तपासा. घरात कुणी नसताना एकाने बेडरूममध्ये दार लावून पलंगावर बसून पेपर नेहमीच्या आवाजात वाचायचा, दुसऱ्याने सासूबाईंची गादी असते तिथे, हॉलचा पंखा लावून, आडवं व्हायचं. शब्द कळले तर काम बाकी आहे. नुसती कुजबुज आली, शब्द लागले नाहीत, तर पुरे. मग खिडकी लावून पुन्हा, दाराखाली टॉवेल सारून पुन्हा. ज्या वेळी फरक पडतो ती वाट सापडली. झरोका असेल तर त्यात थर्माकोल कोंबू नका, तो आवाज अडवत नाही. मापाचा प्लायचा तुकडा बसवून कडा सिलिकॉनने बंद करा. हवा खिडकीतून येऊ द्या.

पलंगाची करकर हा वेगळा विषय, आणि तक्रारींमधला मोठा. लोखंडी पलंग सगळ्यात वाईट. लाकडी बॉक्सचा पलंग असेल तर एकाने कोपऱ्याकोपऱ्यावर भार द्यायचा आणि दुसऱ्याने कान लावून करकर कुठून येते ते शोधायचं. बहुधा तीन जागा निघतात. सांध्याचे बोल्ट ढिले झालेले असतात, ते आवळून खाली रबरी वॉशर घालायचा. प्लायची फळी चौकटीवर घासते, तिथे मेणबत्ती घासून मेणाचा थर द्यायचा. आणि डोक्याकडची पाटी भिंतीला टेकलेली असते. पलंग भिंतीपासून दोन इंच पुढे ओढा आणि पायांखाली नमद्याच्या चकत्या चिकटवा, खालच्या मजल्याचाही प्रश्न मिटतो. एवढं करूनही वाजत असेल तर चटई घालून गादी खाली अंथरा. जमीन करकरत नाही.

छताचा पंखा चार-पाचवर असला की त्याच्या घरघरीत बारीक आवाज बुडतात. मोबाइलवर गाणी लावण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण ठरावीक रात्रीच गाणी लागली तर ती कडीसारखीच घोषणा होते. लावायचीच तर रोज.

हॉलमध्ये पार्टिशन टाकून जोडप्याला जागा केली असेल तर बहुतेक सुतारांनी बारा मिलिमीटर प्लाय दोन्ही बाजूंनी ठोकून मधे पोकळी ठेवलेली असते. तो ढोल असतो. पोकळीत ५० मिलिमीटरचा रॉकवूल भरायचा आणि एका बाजूने जिप्सम बोर्डचा जादा थर द्यायचा. पण आधी पार्टिशन स्लॅबपर्यंत गेलंय का बघा. फॉल्स सीलिंगपाशी थांबलेलं पार्टिशन कितीही जाड केलं तरी आवाज वरून उडी मारतो. विटांची भिंत मात्र विचारल्याशिवाय उचलू नका. गिलाव्यासह साडेचार इंची भिंतीचं वजन दर चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या पुढे जातं, जिप्समचं पार्टिशन पंचवीस किलोच्या आसपास. जुन्या इमारतीत हा फरक धोक्याचा आहे.

कोण कुणाशी बोलणार

मुलाने आपल्या आईशी बोलायचं, एकट्याने, दिवसा, काहीतरी काम करता करता. सून किचनमध्ये असताना नाही. "प्रायव्हसी" हा शब्द वापरायचा नाही, कारण सासूबाईंनी स्वतः सात-आठ माणसांच्या चाळीतल्या खोलीत संसार केलेला असतो आणि तो शब्द त्यांना "तुम्ही आडवे येता" असा ऐकू येतो. वस्तूंबद्दल बोला:

"आई, तुझे सकाळचे कपडे मी हॉलच्या कप्प्यात लावतो. पहाटे अंधारात आमच्या खोलीत चाचपडतेस, परवा पलंगाला ठेचकाळलीस."

आणि आठवडाभराने:

"रात्री दहानंतर काही लागलं तर दारावर टकटक कर, मी बाहेर येतो."

"मी बाहेर येतो" हे शब्द नेमके आहेत. "टकटक करून ये" म्हटलं तर टकटक झाल्याबरोबर दार ढकललं जातं. आणि मग खरंच बाहेर यायचं, पहिल्या टकटकीला, कुरकुर न करता. दोनदा आलात नाहीत तर तिसऱ्यांदा दार ढकललं जाणारच, कारण बाबांना खरंच बरं नसेल तर?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "हिला आवडत नाही". या तीन शब्दांनी खोलीचा प्रश्न सुनेचा होतो आणि पुढची पाच वर्षं तिलाच फेडावा लागतो. सासऱ्यांशी बोलायची बहुधा गरज नसते, सासूबाई सांगतात. दिराशी सरळ बोला, त्याला सगळं कळतं.

"झोपलात का?" वाल्या ज्या दोन फेऱ्या होत्या, त्या आईला दिवसभरात मुलाशी बोलायला मिळालं नाही म्हणून असतात. जेवणानंतर दहा मिनिटं मुलगा आईपाशी, फोन बाजूला ठेवून, बसला तर त्या आपोआप कमी होतात.

मूल आजीकडे

वर्षाच्या आतलं बाळ आईच्या खोलीतच असणार, त्याला रात्री पाजायचं असतं. पण चार-सहा वर्षांचं मूल मध्ये झोपत असेल तर "झोपलंय ना" या भरवशावर राहू नये. मुलं अर्धवट जागी होतात आणि जे कळत नाही त्याला घाबरतात.

आजीजवळ नेणं तीन आठवड्यांत होतं. पहिल्या आठवड्यात रविवारची दुपारची झोप आजीजवळ. दुसऱ्यात शुक्रवार-शनिवारची रात्र, तिची उशी, तिचं पांघरूण आणि आजीची गोष्ट यांसह. तिसऱ्यात रोज. ताप, परीक्षा, किंवा घरात नवं बाळ येण्याच्या महिन्यात सुरू करायचं नाही, नाहीतर तिला हाकलल्यासारखं वाटतं. हॉलमध्ये अर्ध्या वॉटचा झिरोचा दिवा हवा.

बिघडतं ते रात्री दोनला. ती उठून दार वाजवते, बाबा झोपेत तिला आत घेतो, आणि दुसऱ्या दिवसापासून ती रोज दोनला उठते. त्याऐवजी बाबाने बाहेर यायचं, तिच्या गादीवर शेजारी दहा मिनिटं पडायचं, ती झोपली की परत. चार-पाच रात्री हे करावं लागेल. मात्र आजीची झोप नाजूक असेल किंवा गुडघे दुखत असतील तर तिच्यावर हे लादू नका. मग मुलीची छोटी गादी तुमच्याच खोलीत, पण पलंगाखालच्या बाजूला, आणि तुमची वेळ दुसरीकडे शोधायची.

वेळ

नमुन्याच्या घरात टीव्ही साडेदहाला बंद होतो, सासरे एक आणि चारच्या सुमारास लघवीला उठतात, सासूबाई साडेपाचला. म्हणजे कागदावर सव्वाअकरा ते पाऊण हा निवांत काळ. पण सुनेला सात वीसची लोकल पकडायची, म्हणजे पावणेसहाला उठायचं. सव्वाअकराला तिच्यात जीव उरत नाही. घरात सामसूम असणं आणि तुम्ही दोघं जागे, ताजे असणं हे एकाच वेळी कधी होतं ते बघा. रात्रीचा हट्ट सोडला की सापडतं: रविवारी संध्याकाळी पाच ते सात, सासूबाई भजनी मंडळात, सासरे ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर, दीर क्रिकेटला, मुलगी चित्रकलेच्या क्लासला. या वेळा आपणहून असतात. फक्त त्याच वेळी तुम्ही किराणा आणायला जायचं थांबवा. दोघांची ऑफिसं सोयीची असतील तर महिन्यातून एकदा एकाच दिवशी अर्धी रजा.

शरीरापलीकडच्या जवळिकीसाठी आपल्याकडे तयार सोय आहे: शतपावली. जेवणानंतर दोघांनी वीस मिनिटं खाली फिरायला जाण्याला कुठल्याही सासूची हरकत नसते. त्या वीस मिनिटांत पैसे, भांडणं, मुलीची शाळा सगळं बोलून होतं आणि खोलीतली वेळ हिशेबात जात नाही. आठवड्यातून तीन वेळा मुलीला न घेता जा. फोन घरी ठेवा.

घाईचे परिणाम

कुणी ऐकेल या भीतीने सगळं पाच मिनिटांत, श्वास रोखून उरकायची सवय लागते. बाईचं शरीर तेवढ्यात तयार होत नाही, कोरडेपणाने दुखतं, दुखलं की पुढच्या वेळी अंग आखडतं. पुरुषाला लवकर संपण्याची सवय जडू शकते. दुखणं दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. जागा बदलल्यावर, म्हणजे गावी किंवा बाहेर गेल्यावर, त्रास होत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. निदानाला त्याची मदत होते.

घाईत निरोधही राहून जातो, किंवा तो आणायला उठलं तर कपाट वाजेल म्हणून टाळला जातो. उशाच्या बाजूला चेनची छोटी पाउच ठेवा. पाकिटात निरोध ठेवू नका, उष्णतेने आणि घासण्याने तो कमकुवत होतो. वापरलेला कागदात गुंडाळून कचऱ्यात. संडासात टाकला तर पाइप तुंबतो आणि मग सोसायटीभर चर्चा. ज्यांना त्या क्षणी काही करावं लागू नये असं वाटतं त्यांना तांबी किंवा दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. कुठलं चालेल ते डॉक्टर तपासून सांगतात.

गंमत अशी की "गोड बातमी कधी?" हा प्रश्न याच घरात विचारला जातो. दिवस राहण्याची शक्यता असते ती बीज बाहेर पडण्याच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस. २८ दिवसांची पाळी असेल तर साधारण दहाव्या ते पंधराव्या दिवसापर्यंत. महिन्यातल्या नेमक्या याच दिवसांत गावचे पाहुणे मुक्कामाला असले तर महिना गेला. वर्षभर प्रयत्न करूनही, किंवा बाई पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी, डॉक्टरकडे जावं. पण तिथे प्रत्यक्षात महिन्यातून किती वेळा जवळ येता ते खरं सांगा, नाहीतर विनाकारण तपासण्यांचं चक्र सुरू होतं.

एकच खोली असेल तर

बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत किंवा जुन्या झोपडपट्टी पुनर्वसनातल्या २२५ चौरस फुटांच्या घरात वरचं बरंचसं लागू पडत नाही. पडदा नजर अडवतो, आवाज अजिबात नाही. जाड पडदा घेतल्याने फरक पडत नाही. पोटमाळा करायचा तर गणित सोपं आहे: खाली उभं राहायला साडेसहा फूट, मधे फळी आणि वासे चार इंच, वर नीट बसायला साडेतीन फूट, म्हणजे छत किमान दहा फूट चार इंच हवं. त्याहून कमी असेल तर पोटमाळा सामानाचाच होतो. फळ्यांची करकर खालच्याला थेट ऐकू जाते, म्हणून फळी आणि वाशाच्या मधे रबराची पट्टी, आणि वर गरम होतं म्हणून भिंतीचा छोटा पंखा. एवढं करूनही अशा घरात खरा उपाय वेळेचाच आहे, आणि बाहेरचा.

बाहेर हॉटेलची खोली घ्यायची असेल तर फोनवर आधी विचारा: "लोकल आयडी चालतो का?" कित्येक हॉटेलं त्याच शहरातला पत्ता असलेल्यांना नाकारतात आणि ते काउंटरवर पोचल्यावर कळतं. दोघांचंही पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं, आधार किंवा लायसन्स. पॅनवर पत्ता नसतो म्हणून ते चालत नाही. दिवसाच्या काही तासांसाठी खोली देणारीही हॉटेलं आहेत. हॉटेलच्या बंद खोलीत दोन सज्ञान माणसांनी राहणं गुन्हा नाही.

एक वेगळी गोष्ट वेगळीच ठेवायला हवी. घरातलं कुणी फटीतून डोकावत असेल, कपडे बदलताना पाहत असेल, मोबाइल लपवून ठेवत असेल, तर ती जागेची अडचण नाही. बाईला तिच्या खासगी क्षणी असं पाहणं किंवा चित्रित करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. तिथे सामान हलवत बसू नये.

पुन्हा मोजा

महिन्याने पुन्हा एक आठवडा तशीच नोंद करा. नमुन्याच्या घरात २३ च्या जागी समजा पाच फेऱ्या आल्या. एक मुलगी रात्री उठली म्हणून, एक लॉकरमधल्या कागदासाठी, आणि तीन दिराच्या चार्जरसाठी. पॉइंट काढला असूनही तीन का, हे बघितलं तर निघतं की पॉइंट सासऱ्यांच्या उशाशी आणि दिराची गादी हॉलच्या दुसऱ्या टोकाला, चार्जरची वायर तीन फुटांची. दहा फुटांची वायर आणा.